आमेले म्हणजे किती वाजता?

आमच्या सरांचा राउंड साडेआठला सुरू होतो आणि सव्वादहाच्या आसपास संपतो. बावीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड. पेशंट हुक्केरीचे, खानापूरचे, चिक्कोडीचे, आणि सीमेपलीकडून चंदगडचेही. सर मराठी बोलतात, मधेच कन्नड, औषधांची नावं इंग्रजी, आणि या तिन्हींच्या मधे त्यांच्या हाउसमनशिपच्या काळातल्या गोष्टी. मी खानापूरची, त्यामुळे भाषा मला अडली नाही. अडलं ते वेगळंच. दीड तास सर बोलतात त्यातलं काम कुठलं, ते कुणी करायचं आणि किती वाजेपर्यंत, हे त्यांच्या बोलण्यात कुठेच सरळ नसतं. ते आपण काढून घ्यायचं.

पहिल्या आठवड्यात मी सगळं लिहून घ्यायचे. केसपेपरच्या मागे, हातावर, लॅबच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात. एक दिवस मोबाइलवर रेकॉर्डही करून पाहिलं. पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला पावणेदोन तासच लागतात हे दुपारी लक्षात आलं, आणि त्यात पेशंटचे आवाज, नावं सगळंच होतं. त्याच दिवशी पुसून टाकलं. मग एक फुलस्केप कागद घडी घालून खिशात ठेवू लागले, खाट क्रमांकाप्रमाणे एकाखाली एक. कागद नीटनेटका दिसायचा. तो कागद कसा फसला ते सांगते, कारण पुढची सगळी पद्धत त्या एका दिवसातून आली.

जुलै महिना, पाऊस चालू, वॉर्ड भरलेला. सात नंबरला हुक्केरीकडचे एक काका होते, अठ्ठावन्न वर्षांचे. शुगर, बीपी, पायाला सेल्युलायटिस. सर त्यांच्यापाशी जे बोलले ते मला आजही जवळपास तसंच आठवतं, कारण नंतर मला ते तीनदा आठवायला लावलं.

"हां काका, पाय बरा हाय की. सूज उतरली. पट्टी कोण बांधलंय ही? एवढी घट्ट बांधतात काय? रक्त कसं जाणार खाली? परत बांधा ही, आत्ता. मुलगा पुण्याला का? काल रात्री साडेअकराला फोन केला होता मला. बोलू त्याच्याशी. क्रिएटिनिन? अडीच. काल? एक पॉइंट नऊ. हं. पोटॅशियम? सहा पॉइंट एक. सॅम्पल बरोबर घेतलंय नव्हं? जरा बघून घ्या. लघवी किती झाली? कोण मोजतंय? आमच्या वेळी आम्ही स्वतः मग घेऊन उभे राहायचो, रजिस्ट्रार रात्री दोनला येऊन विचारायचा..." इथे दोन मिनिटांची गोष्ट झाली, चांगली होती. "किडनीवाल्यांना दाखवू. अँटिबायोटिक चालू दे, डोस बघा क्रिएटिनिनप्रमाणे. नाळे परत करा सगळं. चला."

नाळे म्हणजे उद्या. पुढे गेलो.

आठ नंबर झाला, नऊवर आलो. तिथे एक आजी, पॅरालिसिसचा झटका येऊन बारा दिवस झालेल्या, बीपी १६४/९६. सरांनी हात उचलून बघितला, पाय उचलून बघितला, फिजिओथेरपीचं विचारलं आणि चार्ट परत देता देता म्हणाले, "आणि ती बीपीची गोळी बंद करा, टेल्मिसार्टन." मी नऊच्या ओळीत लिहिलं: टेल्मिसार्टन बंद.

राउंड संपला तेव्हा कागदावर एकतीस कामं होती. मी कुठल्या क्रमाने केली? सर ज्याबद्दल मोठ्याने बोलले होते ते आधी. सातची पट्टी सोडून परत बांधवली. मग तीन नंबरकडे गेले, तिथे सर डेंग्यूच्या प्लेटलेटवरून नातेवाइकांशी सहा मिनिटं वाद घालून आले होते. मग बाराचा डिस्चार्ज. सातच्या ओळीत मी लिहिलं होतं, "पोटॅशियम बघणे". कागदावर ते अकरावं होतं, आणि सर ते ज्या आवाजात बोलले होते त्यात घाई नव्हती.

बारा चाळीसला इन्चार्ज सिस्टर माझ्याजवळ आल्या. "डॉक्टर, सातचा ईसीजी काढायचा न्हाई काय?"

काढला. टी लाटा उंच आणि टोकदार, तंबूसारख्या, म्हणजे वाढलेलं पोटॅशियम हृदयाला लागायला सुरुवात झाली होती. रजिस्ट्रारला हाक मारली. मॉनिटर लावला, कॅल्शियम ग्लुकोनेट दहा टक्क्यांचं १० मिली हळूहळू दिलं, मग साधं इन्सुलिन १० युनिट आणि त्याच्यासोबत पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली. दर तासाला शुगर. दोन तासांनी पोटॅशियम ५.४ आलं. काकांना काही झालं नाही, त्यांना तर ईसीजीच्या थंडगार जेलीचाच राग आला होता. पण नऊ वाजता कळलेल्या आकड्यावर एकला उपचार झाला होता.

आणि दिवस तिथेच संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आजींचं बीपी १८२/१०४. सरांनी चार्ट बघितला. "टेल्मिसार्टन कोण काढलं ह्यांचं?" मी म्हटलं, सर, तुम्हीच काल सांगितलंत. सर माझ्याकडे बघत राहिले, मग सातकडे वळून बघितलं. तिथला चार्ट काढायला सांगितला. रात्री नऊची टेल्मिसार्टन तिथे दिलेली होती. ही गोळी पोटॅशियम वाढवते. सरांच्या डोक्यात अजून सातचाच पेशंट चालू होता, अंग नऊपाशी आलं होतं एवढंच.

सर ओरडले नाहीत. ओरडतात ते पट्टीवर, युरिन बॅग जमिनीला टेकली की, एक्स-रे उलटा धरला की. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "विचारायचं की मला." हे मला जास्त लागलं.

त्या दुपारी रजिस्ट्रारने मला नर्सिंग स्टेशनमागच्या बाकावर बसवलं, आदल्या दिवशीचा तोच कागद समोर ठेवला आणि सांगितलं, सरांचं सातपाशीचं बोलणं आठव आणि सांग, यात कामं किती. मी चार मोजली. तिने, नऊपाशी बोललेलं टेल्मिसार्टन धरून, नऊ काढून दाखवली.

फरक कुठे पडला? मी आज्ञा शोधत होते. "परत बांधा" ही आज्ञा, ती लगेच सापडते. पण सरांचे प्रश्न हीसुद्धा कामंच असतात. "सॅम्पल बरोबर घेतलंय नव्हं?" म्हणजे रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटं वर आलं असेल तर दुसरं सॅम्पल पाठवा. "लघवी किती झाली? कोण मोजतंय?" हे रागावणं वाटतं, पण त्याचा अर्थ आजपासून तासाच्या हिशोबाने मोजा. वॉर्डात त्या प्रश्नाला उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणजे ते काम कुणाचंच नव्हतं.

दुसरं आपल्या मराठीचंच एक वळण. दाखवू, बोलू, करूया, बघूया. या क्रियापदांत सगळे आहेत आणि कुणीच नाही. "किडनीवाल्यांना दाखवू" ऐकून मला वाटलं रजिस्ट्रार फोन करेल, तिला वाटलं मी रेफरन्स लिहिला असेल, सिस्टरला वाटलं सर स्वतः बोलणार. किडनीचे डॉक्टर आमच्याकडे फक्त दुपारी येतात आणि अकराच्या आत कळवलं तरच त्यांच्या यादीत पेशंट लागतो. त्या दिवशी लागला नाही. तेव्हापासून सरांनी "ऊ" किंवा "या" लावून क्रियापद संपवलं की मी त्या ओळीसमोर रिकामा चौकोन काढते, आणि तो चौकोन राउंडच्या शेवटी माणसाच्या नावाने भरल्याशिवाय कागद खिशात जात नाही.

तिसरं, सरांचा स्वतःचा शब्दकोश. तो मला आधी हवा होता. "जरा बघून घ्या" हे त्यांचं सगळ्यात घाईचं वाक्य आहे. त्याचा अर्थ मी पुढच्या खाटेकडे जातोय, तुमच्यापैकी एकाने आत्ताच इथे थांबा. पेशंटसमोर घाबरवायचं नाही म्हणून ते हळू बोलतात. "नोडोण", म्हणजे बघू, याचा अर्थ आज काही करू नका, पण उद्या मी विचारणार. "आमेले", म्हणजे नंतर, याला तर ठरलेला अर्थच नाही. रिपोर्ट आल्यावर, माझी ओपीडी संपल्यावर किंवा कधीच नाही, यातलं काहीही असू शकतं, म्हणून तिथे विचारावंच लागतं. दुसऱ्या सरांचे शब्द दुसरे असतील. पहिले चार-पाच राउंड कोण कुठल्या शब्दावर धावतंय ते बघावं. जुन्या सिस्टर कशावर हलतात ते बघितलं की पुरे. "जरा बघून घ्या" म्हटल्यावर त्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनी ईसीजीचं मशीन सातकडे ढकलून ठेवलेलं होतं. ते मला दिसलं होतं, फक्त मी ते वाचलं नव्हतं.

मग तोच दिवस आम्ही नव्या कागदावर परत मांडला. सातचा भाग असा झाला:

आत्ता – ईसीजी – मी
आत्ता – पोटॅशियमचं दुसरं सॅम्पल, ईसीजीसाठी थांबायचं नाही, ईसीजीही याच्यासाठी थांबणार नाही – ब्रदर
आत्ता – टेल्मिसार्टन चार्टवरून काट – मी
आत्ता – लघवी दर तासाला, चार्ट खाटेला लावणे – सिस्टर
११ च्या आत – किडनी रेफरन्स, लेखी आणि फोन – रजिस्ट्रार
१२ च्या आत – वजन – ब्रदर
२ च्या डोसआधी – अँटिबायोटिकचा डोस – मी, रजिस्ट्रारला दाखवून
आत्ता – पट्टी सैल करून परत – ड्रेसिंगचा ब्रदर
संध्याकाळी ६ – मुलाला फोन – सर
उद्या सकाळी ६ – क्रिएटिनिन, पोटॅशियम – रात्रीची सिस्टर

नवाच्या दहा ओळी झाल्या, कारण वजन सर बोललेच नव्हते. पण डोस क्रिएटिनिनप्रमाणे काढायचा तर वय आणि वजन लागतं, आणि काकांचं वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाय सुजलेला म्हणून दाखल होताना कुणी काट्यावर उभं केलं नव्हतं. अशी न बोललेली कामं नेहमी एखाद्या बोललेल्या कामाच्या आधी लपलेली असतात. डोस दोनला द्यायचा तर वजन बाराला हवं. आणि क्रिएटिनिन रोज चढतंय तेव्हा सूत्रातून आलेला आकडा किडनीला आहे त्यापेक्षा बरी दाखवतो, म्हणून तो आकडा एकटीने ठरवायचा नाही, रजिस्ट्रारला दाखवायचा. "डोस बघा" या दोन शब्दांत एवढं होतं.

वेळ कशी ठरवायची, याचं मला सुचलेलं उत्तर अगदी साधं आहे. "तातडीचं", "महत्त्वाचं" असे शब्द मी लिहायचे बंद केले. त्याऐवजी घड्याळातली वेळ लिहायची, आणि ती वेळ कशावरून येते ते बघायचं. औषधाच्या कामाची वेळ म्हणजे पुढच्या डोसची वेळ. टेल्मिसार्टन रात्री नऊची, म्हणून मला ते संध्याकाळचं काम वाटलं असतं. पण चार्टवर काट मारायची असते ती दिवसपाळीच्या सिस्टर फार्मसीतून रात्रीच्या गोळ्या काढायच्या आत, म्हणून ते आत्ताचं. काही कामांची वेळ पेशंटच्या शरीरात असते, पोटॅशियम ६.१ ला ईसीजी तसा. आणि काही कामांची वेळ दुसऱ्याच्या टेबलावर असते. तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण पेशंटकडे बघून ती घाई दिसतच नाही.

बाराचा डिस्चार्ज घ्या. चंदगडकडचे एक आजोबा, दम्याचा जुना त्रास, आता छान बसून चहा पीत होते. सर म्हणाले, "ह्यांना सोडा आज." त्यांच्या प्रकृतीला घाई काहीच नाही. पण समरी लिहायची, उरलेली औषधं फार्मसीला परत जायची, बिल व्हायचं, सरकारी योजनेतला पेशंट असेल तर त्याचे कागद वेगळ्या टेबलावर जायचे, आणि आमच्याकडे आधी हेही विचारावं लागतं की कार्ड कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, कारण मागायचे कागद त्यावर बदलतात. मी समरी दुपारी तीनला लिहायला घेतली तर आजोबा रात्री स्टँडवर. म्हणून डिस्चार्जचं काम दोन तुकड्यांत लिहायचं: समरी साडेअकराला, माझ्याकडे, आणि इनहेलर ओढायला शिकवणं, सिस्टरकडे, नातू जवळ असताना. इनहेलरचं सर कधी सांगत नाहीत, ते गृहीत धरतात.

आता तीन नंबर, कारण तिथे मला "जर-तर" लिहायला शिकावं लागलं. जांबोटीकडची चौतीस वर्षांची बाई, डेंग्यूचा पाचवा दिवस, प्लेटलेट २८,०००. बाहेर चार भाऊबंद रक्त द्यायला तयार उभे. सर त्यांना सांगत होते की कुठेही रक्तस्राव नाही, एवढ्या आकड्यावर प्लेटलेट भरायच्या नसतात, आणि ते ऐकायला तयार नव्हते. वॉर्डातला सगळा आवाज त्या विषयावर झाला. तिथून निघताना सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताप उतरलाय न्हवं, आताच खरं बघायचं. बीपी बघत राहा." ताप गेला म्हणून घरचे खूश, आणि डेंग्यूत पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायचे दिवस तेव्हाच सुरू होतात. सहा मिनिटांच्या वादातून माझ्या कागदावर एकही काम आलं नाही. त्या एका वाक्यातून मात्र सगळ्यात महत्त्वाचं आलं, आणि मी लिहिलं काय, तर "बीपी वॉच".

हे काम नव्हेच. किती वेळाने, कोण, काय दिसलं की काय करायचं, यातलं काहीच त्यात नाही. रात्रीच्या सिस्टरने बीपी ९४/७६ लिहून ठेवलं तर तिने वॉच केलंच की. आता तीच ओळ मी अशी लिहिते: "दर दोन तासांनी बीपी आणि नाडी, सिस्टर. वरच्या-खालच्या आकड्यातला फरक २० किंवा त्याहून कमी, हात-पाय गार, किंवा उलटी-पोटदुखी सुरू, तर लगेच ड्यूटी डॉक्टरला फोन, पुढचं बीपी घ्यायची वाट बघायची नाही." आकडा माहीत नसेल तर तो तिथल्या तिथे सरांना विचारायचा. सरांना आकडा विचारलेला आवडतो, असं मला दिसलं. "काय करू?" विचारलेलं आवडत नाही.

एक सवय नऊच्या आजींनी लावली, आणि मला वाटतं सगळ्यात कामाची हीच. सर ज्या खाटेपाशी उभे आहेत तिथली सूचना त्याच पेशंटची असेल असं धरायचं नाही. कानाने ऐकायचं आणि डोळ्याने चार्ट बघायचा. बीपी १६४ असलेल्या पेशंटची बीपीची गोळी कोण बंद करेल? त्या क्षणी माझा हात थांबायला हवा होता. समोरच्या पेशंटला न बसणारी सूचना मागच्या एखाद्याची असते. कधी दोन खाटा मागचा, कधी कालचा, कधी ओपीडीतला. अशा ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह काढते आणि लगेच विचारते, "सर, हे नऊचं की सातचं?" पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. सर म्हणाले, "सातचं गं," आणि पुढे गेले. एवढंच असतं ते.

राउंडभर मी क्रम लावत बसत नाही. लिहिताना क्रम लावायला गेलं की पुढच्या दोन खाटांचं ऐकायचं राहतं. खाटेच्या ओळीत सरांच्याच शब्दांत लिहायचं. आत्ताचं असेल तर उद्गारचिन्ह, आणि ते काम तिथेच इंटर्नला किंवा ब्रदरला सांगून मोकळं व्हायचं, राउंड संपायची वाट बघायची नाही. बाकी सगळं नर्सिंग स्टेशनवर. सर हात धुतात, चहा येतो, तेव्हा मला तीन मिनिटं मिळतात. सगळी यादी वाचून दाखवायचा प्रयत्न मी एकदा केला, पाचव्या ओळीला सर उठून गेले. आता तीनच प्रकारचं वाचते: आत्ताची कामं, औषधांतले बदल, आणि प्रश्नचिन्हं. "सर, सातचं टेल्मिसार्टन बंद, चौदाचं फ्रुसेमाइड दुप्पट, सतराचं 'नोडोण' म्हणालात, आज काही नाही ना?" यातली एखादी गोष्ट तरी दर दोन दिवसांनी सर दुरुस्त करतात.

त्यानंतर कागद उलटा करायचा आणि माणसांप्रमाणे पुन्हा मांडायचा, कारण सिस्टरला माझ्या एकतीस ओळींशी काही देणंघेणं नसतं, तिला तिच्या नऊ हव्या असतात. मी, रजिस्ट्रार, सिस्टर, ब्रदर, फिजिओ, नातेवाईक, सर. नातेवाइकांचा रकाना बघून आधी सगळे हसले. पण निपाणीच्या दवाखान्यातले जुने कागद आणणं, घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या त्यांची पाकिटं आणणं, ही कामं त्यांच्याशिवाय कोण करणार? त्यांच्या नावापुढे मी कन्नड की मराठी ते लिहिते, म्हणजे कुणी सांगायचं तेही ठरतं. गोकाकच्या एका सिस्टर कन्नडवाल्यांना सांगतात, मराठी मी. मात्र सिस्टरला तोंडी सांगून औषध बदलत नाही. ते केसशीटवर आणि ड्रग चार्टवर माझ्या सहीने लिहिलं की मगच मी माझ्या कागदावर खूण करते. माझा कागद हा माझाच, तो ऑर्डर नव्हे.

खुणेचीही एक गोष्ट आहे. काम सांगितलं किंवा पाठवलं की चौकोनात अर्धी तिरकी रेघ. रिपोर्ट डोळ्यांनी बघितला, किंवा काम झालेलं दिसलं, की दुसरी रेघ, फुली पूर्ण. आधी मी सॅम्पल गेलं की सरळ टिक करायचे आणि दुपारी कागद हिरवागार दिसायचा, आत निम्मे रिपोर्ट कुणी उघडलेलेच नसायचे. आता एक वाजता आणि चार वाजता मी फक्त अर्ध्या रेघा शोधते.

एकदा फजिती झाली ती खाट क्रमांकाची. सकाळी सात नंबरच्या खाटेवर असलेला पेशंट दुपारी आयसीयूत गेला, त्या खाटेवर नवीन पेशंट आला, आणि ब्रदरने "७ – पोटॅशियम परत" वाचून नव्याचं रक्त काढलं. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मला आनंद झाला होता, हे सांगायला लाज वाटते. वय बघितल्यावर कळलं. तेव्हापासून खाट क्रमांकाच्या बाजूला आयपी नंबरचे, म्हणजे पेशंटला दाखल होताना मिळणाऱ्या नंबरचे, शेवटचे तीन आकडे. नाव लिहीत नाही, कारण कागद कधी कँटीनच्या टेबलावर राहतो.

रात्री आठला ड्यूटी बदलताना उरलेल्या ओळी नव्या डॉक्टरला तोंडी सांगते आणि त्याच्या कागदावर त्याच्या हाताने लिहून घ्यायला लावते. माझा कागद फाडून टाकते. कालचा कागद आज खिशात सापडला की त्यावरचं कुठलं काम अजून जिवंत आहे याचा विचार करत बसावं लागतं.

सरांच्या नावाचा रकाना मी सुरुवातीला त्यांना दाखवत नव्हते. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ते वॉर्डात आले, कुणीतरी डिस्चार्जच्या आनंदात दिलेला कुंद्याचा डबा स्टेशनवर उघडा होता, आणि कागद बाजूला पडलेला. त्यांनी चमचाभर कुंदा तोंडात टाकला, कागद उचलला, चष्मा कपाळावर ढकलून वाचला.

"माझ्या नावावर तीन? वाच की."

"दोनच्या मुलीशी बोलायचं सहाला. अठराच्या एमआरआयबद्दल न्यूरोच्या सरांना फोन. आणि एकवीसच्या घरच्यांना डायलिसिसचं सांगायचं."

"पहिली दोन करतो. तिसरं आमेले."

मी पेन उघडलं. "आमेले म्हणजे किती वाजता, सर?"